एका स्कूपमध्ये प्रोटीन किती?

दुकानाच्या फळीवर दोन डबे शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. एक व्हे प्रोटीनचा, दुसरा वाटाणा आणि तांदूळ यांपासून केलेल्या वनस्पतिजन्य प्रोटीनचा. दोन्हींवर समोरच ठळक अक्षरांत लिहिलंय : दर सर्व्हिंगला २४ ग्रॅम प्रोटीन. गिऱ्हाईक डबे उचलून बघतं आणि म्हणतं, दोन्हींत सारखंच आहे की, मग जो स्वस्त तो घेऊ. शेजारी उभा असलेला जिममधला मित्र म्हणतो, छे, व्हेमध्येच जास्त असतं. या दोघांत कोणाचं बरोबर, ते डब्याच्या दर्शनी बाजूवरून कधीच ठरत नाही. त्यासाठी डबा फिरवून मागचा बारीक छापलेला तक्ता वाचावा लागतो.

या प्रकरणात आपण हेच दोन डबे शेवटपर्यंत सोबत ठेवणार आहोत. ते कुठल्या विशिष्ट कंपनीचे नाहीत. बाजारात सर्रास दिसणाऱ्या लेबलांचे नमुने म्हणून घेतले आहेत. व्हेच्या डब्यामागे लिहिलंय : सर्व्हिंग ३२ ग्रॅम, म्हणजे एक स्कूप. वनस्पतिजन्य डब्यामागे लिहिलंय : सर्व्हिंग ४० ग्रॅम, म्हणजे दोन स्कूप. प्रोटीन दोन्हीकडे २४ ग्रॅमच. आता भागाकार करा. व्हेच्या ३२ ग्रॅम पावडरीत २४ ग्रॅम, म्हणजे ७५ टक्के प्रोटीन. दुसऱ्या डब्यातल्या ४० ग्रॅम पावडरीत २४ ग्रॅम, म्हणजे ६० टक्के. समोरचा आकडा एकच असला तरी डब्यातला माल सारखा नाही.

दोन पावडरींची तुलना करायची तर पहिली पायरी हीच : दोन्हींचं प्रोटीन १०० ग्रॅम पावडरीमागे किती, ते काढायचं. भारतातल्या लेबलांवर बहुधा १०० ग्रॅमचा रकाना छापलेलाच असतो. सर्व्हिंग किती ग्रॅमचं ठेवायचं ते कंपनी ठरवते, १०० ग्रॅम मात्र सगळ्यांना सारखेच. आणि स्कूपची संख्या वाचायला विसरू नये. आपल्या दुसऱ्या डब्यात सर्व्हिंग दोन स्कूपचं आहे. व्हेच्या सवयीने त्यातला एकच स्कूप घेणाऱ्याच्या पोटात २४ नव्हे, १२ ग्रॅम प्रोटीन जातं.

उरलेलं काय असतं?

पंधरा टक्क्यांचा हा फरक येतो कुठून, हे कळण्यासाठी दोन्ही पावडरी कशा बनतात ते थोडं पाहावं लागेल. दूध नासवून पनीर किंवा चीज केलं की जे हिरवट-पिवळसर पाणी उरतं, ती निवळी. व्हे म्हणजे हीच निवळी. तिच्यात प्रोटीन जेमतेम अर्धा ते पाऊण टक्का असतं. बाकी पाणी, दुधातली साखर आणि क्षार. बारीक छिद्रांच्या पडद्यांतून ही निवळी गाळत नेली की पाणी, साखर आणि क्षार पलीकडे जातात आणि मोठ्या आकाराचे प्रोटीनचे रेणू अलीकडे राहतात. मग ती गरम हवेच्या झोतात फवारून वाळवतात. साधारण ८० टक्के प्रोटीनपर्यंत नेलेल्या पावडरीला कॉन्सन्ट्रेट म्हणतात, आणि आणखी गाळून ९० टक्क्यांच्या घरात नेलेल्या पावडरीला आयसोलेट.

वनस्पतीचा रस्ता वेगळा आहे. पिवळा वाटाणा दळायचा, पाण्यात कालवायचा, पिष्ट आणि चोथा बाजूला काढायचा, विरघळलेलं प्रोटीन आम्लाने साकळून वाळवायचं. वाटाण्याचं आयसोलेटही ८० टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे कच्च्या मालाच्या पातळीवर दोघांत मोठी दरी नाही. ती पडते नंतर. वाटाण्याच्या प्रोटीनला कडवट, मातकट चव असते. ती झाकायला कोको, स्वाद आणि गोडी जास्त घालावी लागते. घशाखाली नीट उतरावं म्हणून डिंकासारखे घट्ट करणारे पदार्थ घालतात. काही कंपन्या त्यात जवस, पालेभाज्यांची पूड, जीवनसत्त्वं असंही बरंच काही मिसळतात. प्रत्येक ग्रॅम कोको एक ग्रॅम प्रोटीनची जागा खातो. म्हणूनच एकाच कंपनीच्या बिनचवीच्या आणि चॉकलेटच्या डब्यांतही चार-पाच टक्क्यांचा फरक पडू शकतो. बिनचवीचं वाटाणा आयसोलेट आणि भरपूर कोको घातलेलं व्हे समोरासमोर ठेवलं, तर टक्केवारीत वाटाणाच पुढे निघेल.

टक्केवारीच्या शेजारी ‘कोरड्या वजनावर’ असे शब्द असतील तर एक क्षण थांबावं. पावडर कोरडी दिसली तरी तिच्यात चार-पाच टक्के ओलावा असतो. तो वजा करून काढलेला ९० टक्क्यांचा आकडा, तुम्ही स्कूपने प्रत्यक्ष घेता त्या पावडरीत ८६ टक्क्यांच्या आसपास येतो.

स्कूप हे माप आकारमानाचं

लेबलावरचा सगळा हिशेब ग्रॅममध्ये असतो, म्हणजे वजनात. डब्यातला स्कूप मात्र आकारमान मोजतो. एका स्कूपमध्ये किती ग्रॅम पावडर मावते, ते ती किती दाबून भरली त्यावर ठरतं. डबा गोदामातून, टेम्पोतून हादरे खात येतो तेव्हा पावडर खाली बसत जाते. नवा डबा उघडल्यावर तो तिसरा हिस्सा रिकामा दिसतो, त्याचं एक मोठं कारण हेच. अशा बसलेल्या पावडरीत स्कूप खुपसून वर काढला की तो जड भरतो. तोच डबा आधी हलवून, पावडर मोकळी करून अलगद भरला की हलका.

हे घरी तपासायला सोपं आहे. स्वयंपाकघरात वापरतात तो एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल वजनकाटा पुरतो. त्यावर रिकामा शेकर ठेवायचा, बटण दाबून काटा शून्यावर आणायचा आणि रोज भरतो तसाच स्कूप भरून शेकरमध्ये ओतायचा. आकडा लिहून घ्यायचा, पुन्हा शून्य, पुन्हा स्कूप. असं चार-पाच वेळा केलं की आपल्या हाताची सवय कळते. मोजून झालेली पावडर परत डब्यात ओतता येते, फक्त शेकर अगदी कोरडा हवा.

आपल्या व्हेचा स्कूप मोकळ्या पावडरीने, कड सपाट करून भरला आणि तो २८ ग्रॅम निघाला असं धरू. त्यात प्रोटीन २८ गुणिले ०.७५, म्हणजे २१ ग्रॅम. तोच स्कूप बसलेल्या पावडरीतून शिगोशीग काढला आणि ३७ ग्रॅम भरला, तर प्रोटीन जवळपास २८ ग्रॅम. वनस्पतिजन्य पावडरीचे दोन स्कूप मोकळे भरले आणि ३५ ग्रॅम निघाले तर २१ ग्रॅम प्रोटीन. शिगोशीग भरून ४६ ग्रॅम निघाले तर साडेसत्तावीसच्या वर. डब्यावर दोन्हीकडे २४ लिहिलेलं असताना एकाच डब्यातून, एकाच स्कूपने, केवळ भरण्याच्या पद्धतीमुळे सात ग्रॅमचा फरक पडतो. ‘व्हे घेतलं की जास्त मिळतं’ किंवा ‘वनस्पतिजन्यही तितकंच देतं’ हे अनुभवाचे बोल पुष्कळदा या सात ग्रॅमांतूनच आलेले असतात.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे जुना स्कूप नव्या डब्यात वापरणं. नव्या डब्यातला स्कूप तळाशी गाडला गेलेला असतो, आधीच्या डब्यातला हाताशी असतो, म्हणून तोच चालवला जातो. पण कंपनी प्रत्येक स्कूप आपल्या पावडरीच्या घनतेप्रमाणे बनवून घेते. काही व्हे पावडरी पाण्यात पटकन मिसळाव्यात म्हणून मुद्दाम सच्छिद्र, रवाळ केलेल्या असतात. वाटाण्याची पावडर पिठासारखी बारीक असते. एकीचा स्कूप दुसरीत घातला की लेबलाशी काही नातं उरत नाही. हात घालून तळाचा स्कूप शोधावा, किंवा सरळ वजनावर घ्यावं. पावसाळ्यात पावडरीला गुठळ्या होऊ लागल्या असतील तर स्कूपवर अजिबात विसंबू नये. गुठळ्यांच्या मधे पोकळ्या राहतात आणि स्कूप भरलेला दिसूनही हलका निघतो.

शेकरमध्ये ओतलेलं

आता द्रवाकडे येऊ. एकजण ३२ ग्रॅम व्हे २५० मिलिलीटर पाण्यात घुसळतो. दुसरा ४० ग्रॅम वनस्पतिजन्य पावडर २५० मिलिलीटर टोन्ड दुधात. पाण्यात प्रोटीन नाही, म्हणून पहिल्याच्या शेकरमध्ये २४ ग्रॅम. टोन्ड दुधाच्या पिशवीवर १०० मिलिलीटरमागे साधारण ३ ग्रॅम प्रोटीन छापलेलं असतं. २५० मिलिलीटरला साडेसात. दुसऱ्याच्या शेकरमध्ये साडेएकतीस ग्रॅम झालं. दुसरा म्हणेल, माझ्या पावडरीने जास्त दिलं. पण ते साडेसात ग्रॅम पावडरीचे नाहीत, गोठ्यातले आहेत. पहिल्याने तेवढंच दूध घेतलं असतं तर त्याचेही साडेएकतीस झाले असते. काही डब्यांवर दुधासह मिळणारं प्रोटीन मोठ्या आकड्यात छापतात. तिथेही तक्त्यात दूध किती धरलंय ते पाहून तेवढं वजा करायचं, म्हणजे पावडरीचा खरा आकडा उरतो.

कुठल्या द्रवातून किती भर पडते, हे ढोबळमानाने लक्षात ठेवणं पुरतं. गाईचं किंवा टोन्ड दूध १०० मिलिलीटरला ३ ग्रॅमच्या आसपास, म्हशीचं त्याहून थोडं जास्त. बिनसाखरेचं सोयाचं दूध गाईच्या दुधाच्या जवळपास जातं. बदामाचं दूध दिसायला पांढरं असलं तरी बहुतेक ब्रँडमध्ये प्रोटीन नावापुरतंच, कारण त्यात बदाम थोडे आणि पाणी फार. ताकाचं सगळं दह्यावर आहे. अर्ध्या वाटी दह्यात पाणी घालून पेलाभर ताक केलं, तर प्रोटीन त्या अर्ध्या वाटीतलंच, पेला कितीही मोठा असो. पेल्याचंही मोजमाप एकदा करून ठेवावं. घरातले स्टीलचे पेले दीडशेपासून अडीचशे मिलिलीटरपर्यंत काहीही असतात, आणि ‘एक पेला दूध’ या हिशेबात तीन ग्रॅम इकडचे तिकडे होतात.

पाणी जास्त घातलं म्हणून प्रोटीन कमी होत नाही, पातळ होतं. ३२ ग्रॅम व्हे २५० मिलिलीटर पाण्यात घातलं की मिश्रण सुमारे २७० मिलिलीटर होतं, कारण पावडरही थोडी जागा घेते. म्हणजे १०० मिलिलीटरला ९ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. तीच पावडर ४०० मिलिलीटर पाण्यात घातली तर १०० मिलिलीटरला पावणेसहा. सगळं प्यायलात तर दोन्ही वेळा २४. फरक पडतो तो अर्धवट प्यायल्यावर. शेकर दोघांत वाटून घेतला, किंवा थोडं उरवून धुऊन टाकलं, तर पातळपणा हिशेबात धरावा लागतो.

इथे दोन पावडरी वेगळ्या वागतात. व्हे पाण्यात बहुतांशी विरघळतं. तळाशी ५० मिलिलीटर उरवलं तर त्यात साधारण साडेचार ग्रॅम प्रोटीन जातं, आकारमानाच्या प्रमाणातच. वाटाणा-तांदळाची पावडर पूर्ण विरघळत नाही. तिचे कण पाण्यात तरंगत राहतात आणि हळूहळू खाली बसतात. शेकर दहा मिनिटं टेबलावर राहिला तर वरचा भाग पातळ आणि तळाशी दाट, किरकिरीत थर दिसतो. तो थर म्हणजेच आपण मोजून घेतलेलं प्रोटीन. तो उरवला तर ५० मिलिलीटरमध्ये प्रमाणापेक्षा बरंच जास्त निघून जातं. म्हणून वनस्पतिजन्य पावडर घुसळल्या घुसळल्या प्यावी, आणि शेवटी दोन घोट पाणी घालून शेकर हलवून तेही पिऊन टाकावं. एवढं केलं की या बाबतीत दोघी बरोबरीला येतात.

उकळत्या दुधात व्हे घातलं की त्याच्या गुठळ्या होतात आणि लोकांना वाटतं प्रोटीन मेलं. उष्णतेने व्हेच्या रेणूंच्या घड्या उलगडतात आणि ते एकमेकांना चिकटतात. अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं ते याच कारणाने. ग्रॅम तितकेच राहतात आणि पचनालाही अडचण येत नाही. दूध कोमट करून त्यात घातलं की गुठळ्याही टळतात.

२४ आणि २४ सारखे आहेत का?

वजन नीट घेतलं, द्रव वजा केला, आणि दोन्हीकडे खरंच २४ ग्रॅम आलं. तरी एक प्रश्न राहतो. प्रोटीन वीस अमिनो आम्लांचं बनतं. त्यांतली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. या नवांपैकी सर्वांत कमी पडणारं अमिनो आम्ल गरजेच्या किती टक्के आहे, आणि एकूण प्रोटीन किती पचतं, या दोहोंवरून १ पैकी गुण देण्याची पद्धत अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९९१ साली पुढे आणली. २०१३ साली अन्न व कृषी संघटनेने तिच्यापेक्षा काटेकोर पद्धत सुचवली, पण लेबलांच्या जगात जुनीच जास्त दिसते. तिच्यात व्हेला पूर्ण १ गुण मिळतो. वाटाण्याच्या प्रोटीनला साधारण ०.८ ते ०.९, कारण त्यात गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी. नुसत्या तांदळाच्या प्रोटीनला जेमतेम निम्मे गुण, कारण त्यात लायसीन कमी. वाटाण्यात लायसीन भरपूर, तांदळात गंधकयुक्त अमिनो आम्लं बरी. म्हणून दोघं एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वरण-भातात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय.

आपल्या वनस्पतिजन्य डब्याला ०.८५ गुण धरू. २४ ग्रॅमांतून उपयोगी पडणारं प्रोटीन सुमारे २० ग्रॅम झालं. व्हेच्या २४ ग्रॅमांची बरोबरी करायची तर २४ भागिले ०.८५, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम प्रोटीन हवं, आणि ६० टक्क्यांच्या पावडरीतून ते मिळवायला ४७ ग्रॅम पावडर. ३२ ग्रॅम व्हे बरोबर ४७ ग्रॅम वनस्पतिजन्य : आपल्या दोन डब्यांमधली ही कडक हिशेबाने आलेली तुलना.

मात्र हा कडक हिशेब, दिवसभरात दुसरं काही खाल्लंच नाही असं धरून केलेला आहे. पावडर दुधात घेतली तर दुधातली गंधकयुक्त अमिनो आम्लं वाटाण्याची उणीव काही अंशी भरतात. जेवणात पोळी, भात, डाळ, दही, अंडी यांतलं काहीबाही असेलच, आणि तेही हेच काम करतं. चौरस जेवणाऱ्या माणसाने ०.८५च्या गुणाची फार काळजी करू नये. ज्याचं बहुतेक प्रोटीन पावडरीतूनच येतं, त्याने मात्र करावी. डब्यावर नुसतं तांदळाचं प्रोटीन असेल तर कोणीही करावी.

आणखी एक तपासणी दोन्ही डब्यांना लागू आहे. प्रयोगशाळेत प्रोटीन बहुधा थेट मोजत नाहीत. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली बसवलेल्या पद्धतीने पदार्थातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ने गुणतात. नायट्रोजन असलेली कुठलीही वस्तू या हिशेबात प्रोटीन ठरते. क्रिएटिनमध्ये वजनाच्या ३२ टक्के नायट्रोजन असतो; ५ ग्रॅम क्रिएटिन पावडरीत मिसळलं तर कागदावर १० ग्रॅम प्रोटीन वाढतं, प्रत्यक्षात शून्य. ग्लायसीन आणि टॉरिन ही स्वस्त द्रव्यंही याच कामी येतात. म्हणून घटकांच्या यादीत ही नावं दिसली तर समोरच्या २४वर विश्वास ठेवण्याआधी, ती प्रोटीनच्या आकड्यातून वगळली आहेत का ते लेबलावर शोधावं.

शेवटचा भागाकार

सगळं जुळवून झालं की किंमत सोपी होते. व्हेचा एक किलोचा डबा ३००० रुपयांना आणि वनस्पतिजन्य २४०० रुपयांना आहे असं समजा. दुसरा ६०० रुपयांनी स्वस्त दिसतो. पण पहिल्यात ७५० ग्रॅम प्रोटीन आहे आणि दुसऱ्यात ६००, म्हणजे दोन्हीकडे ग्रॅमला ४ रुपये पडतात. २४ ग्रॅम प्रोटीनचं सर्व्हिंग घेतलं तर पहिला डबा ३१ वेळा पुरतो, दुसरा २५ वेळा. ०.८५चा गुण धरला तर दुसरा महागच पडतो.

निवड तेवढ्यावरच होते असं नाही. दुधातल्या साखरेने ज्यांचं पोट बिघडतं, जे प्राणिज पदार्थ घेत नाहीत, त्यांच्यासाठी वनस्पतिजन्य डबाच योग्य, आणि सात-आठ ग्रॅम पावडर जास्त घेतली की त्यांचं काही उणं राहत नाही. मुळात पावडर लागतेय का, हेही याच आकड्यांनी तपासता येतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं; साठ किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. याच परिषदेच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार-मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळायला सांगितलं आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नये. बाकीच्यांनी आधी ताटातले ग्रॅम मोजावेत. ५० पैकी ४० तिथेच भरले, तर रोज अख्ख्या स्कूपची गरज नाही. आपल्या व्हेचे १४ ग्रॅम किंवा वनस्पतिजन्य पावडरीचे वीसेक ग्रॅम पुरतात, आणि अडीचशे मिलिलीटर दूध आधीच पीत असाल तर त्याहूनही कमी.